खडू, ट्रेसिंग व्हील की दोऱ्याच्या खुणा: एका प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, क्रेपच्या टॉपसाठी तुम्ही सांगितल्या तशा दोऱ्याच्या खुणा घातल्या. पुढच्या दोन टक्सना पाऊण तास गेला आणि कागद काढताना निम्मे दोरे कागदाबरोबर बाहेर आले. खडूने हेच काम दोन मिनिटांत होतं, आणि कॉटनवर तर मी ट्रेसिंग व्हील फिरवते, कधी काही बिघडलं नाही. नवीन शिकणाऱ्यांना उगाच अवघड सवय कशाला लावता? शिवाय क्रेपला कट मारू नका हे तर अजिबात पटलं नाही, सगळे टेलर मारतातच की."

कॉटनवर व्हील फिरवता ते बरोबरच आहे, तिथे दोऱ्याच्या खुणा घालत बसा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण क्रेपचं गणित वेगळं आहे, आणि तुमचे दोरे निघाले त्याला ठरावीक कारणं असतात, तर आधी तेच बघू.

पहिलं कारण म्हणजे दोरा. मशीनचा पॉलिस्टर दोरा गुळगुळीत असतो, तो कापडात ठरत नाही, ओढला की सरळ निघतो. कच्च्या शिलाईचा मऊ, जरा केसाळ सुती दोरा घ्यायचा आणि तोही दुहेरी, गाठ न मारता. दुसरं कारण दोन टाक्यांमधे कागदावर सोडलेला दोऱ्याचा फास, बहुतेक लोक तो फार लहान ठेवतात. आता असं बघा, कापडाचे दोन थर आपण नंतर एकमेकांपासून साधारण एक ते दीड सेंटिमीटर दूर करतो आणि मधला दोरा कापतो, हा मधला दोरा येतो कुठून तर वरच्या फासातून आणि टोकांतून, म्हणजे वर जेमतेम सेंटिमीटरभर दोरा ठेवला असेल तर थर उघडताना तो सगळाच खाली जातो आणि वरच्या थरात काही उरतच नाही. फास निदान दोन-अडीच सेंटिमीटर हवा, सुरुवातीचं आणि शेवटचं टोकही तेवढंच लांब. तिसरं कारण कागद. खुणेच्या जागी कागदाला आधीच छोटी चीर द्यायची किंवा पंचने भोक पाडायचं, म्हणजे फास कापल्यावर कागद दोऱ्यांवरून अलगद वर निघतो. अख्खा कागद तसाच उचलला तर दोरे त्याच्याबरोबर येणारच.

आणि टाका कसा घालायचा ते परत एकदा नीट लिहिते. कापड सुलट बाजू आत ठेवून दुहेरी, वर पॅटर्न. बारीक सुई, नऊ किंवा दहा नंबरची. टक्सच्या टोकावर कागद आणि दोन्ही थर मिळून तीनेक मिलिमीटरचा एक टाका, दोरा पूर्ण ओढायचा नाही, टोक बाहेर सोडायचं, मग त्याच जागी दुसरा टाका आणि मधे फास, मग दोरा कापून पुढच्या खुणेवर. सगळ्या खुणा झाल्या की फास वरून कापायचे, कागद काढायचा, थर हळूच उघडायचे, मधे दिसणारे दोरे बरोब्बर मधे कापायचे. दोन्ही तुकड्यांवर एकाच जागी दोऱ्याचे छोटे झुपके राहतात. हाच या पद्धतीचा सगळा फायदा, एकाच सुईने एकाच वेळी दोन्ही थरांतून गेल्यामुळे डावा आणि उजवा टक्स एकमेकांशी जुळलेलाच असतो.

वेळेचं म्हणाल तर कंबरेच्या साध्या टक्सला खुणा लागतात पाच, टोकाला एक, मधे दोन आणि कडेला दोन. त्या दोन्ही थरांतून जातात म्हणजे तुमचे पुढचे दोन टक्स या पाच टाक्यांत झाले. जवळजवळ टाके घालत पूर्ण रेघ काढली असेल तर पाऊण तास लागणारच, पण सरळ टक्सला त्याची गरज नाही, दोन खुणांमधली रेघ शिवतानाच सरळ येते. वक्र टक्स असेल तर मात्र वळणावर एखादी खूण जास्त घाला.

आता खडू क्रेपवर का नको. क्रेपचा धागा खूप पीळ दिलेला असतो, त्यामुळे कापड जरा ओढलं तरी लांबतं आणि सोडलं की परत येतं. खडू फिरवताना कापड खडूबरोबर थोडं सरकतं, रेघ काढताना सरळ दिसते आणि हात उचलला की वाकडी. शिवाय वरच्या थरावर काढलेली रेघ खालच्या थरावर येत नाही, दुसरी बाजू वेगळी मोजून वेगळी काढावी लागते, आणि तिथेच टोकं वरखाली होतात. आणि क्रेप हातात सारखं घसरतं, मशीनपर्यंत नेईस्तोवर निम्मी रेघ पुसलेली असते.

तुम्ही म्हणाल एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर काय एवढं, तर हिशोब करून बघा. पुढे दोन आणि मागे दोन असे चार टक्स, प्रत्येकाला दोन बाजू, म्हणजे आठ रेघा. प्रत्येक रेघ एक मिलिमीटर बाहेर सरकून टक्स रुंद झाला तर कंबर आठ मिलिमीटरने कमी होते, बोथट खडूची रेघ सहज दोन मिलिमीटर जाड असते, आणि शिवताना एकदा रेघेच्या या कडेने आणि एकदा त्या कडेने गेलात तर फरक दीड सेंटिमीटरच्या वर जातो. सैल टॉपमधे ते खपून जाईल, पण अंगाबरोबर बसणाऱ्या टॉपमधे हुक लागणार नाही. म्हणून खडू ज्या कापडावर वापराल तिथे त्याची कड ब्लेडने तासून पातळ ठेवा आणि रेघेच्या कुठल्या कडेवर शिवायचं ते एकदा ठरवून टाका.

खडूची खरी जागा डेनिम, जाड कॉटन, लोकरी कापड. लोकरीवर तो छान बसतो आणि ब्रशने निघतो. फक्त मेणाचा खडू आणि मातीचा खडू यात गल्लत करू नका. मेणाचा खडू लोकरीवर चालतो, कॉटन, सिल्क किंवा सिंथेटिकवर इस्त्री फिरली की मेण वितळून तेलकट डाग बसतो आणि तो सहज जात नाही. आणि कोटासारखं काम, जे दोन-चार दिवस बाजूला ठेवून मग पुढे न्यायचं असतं, त्यावर खडू टिकत नाही, तिथे लोकर असली तरी दोऱ्याच्याच खुणा.

व्हीलचं बघू. तुमच्या कॉटनवर ते चालतं कारण कापड घट्ट विणीचं असतं, हलत नाही, आणि व्हीलखाली ठेवलेल्या कार्बन कागदाचा रंग उलट्या बाजूला नीट उमटतो. पट्टी धरून, दाबून, एकदाच फिरवायचं, मागेपुढे घासायचं नाही. दोन थर एकदम करायचे असतील तर दोन कार्बन लागतात, वरच्या थरावर एक पालथा आणि खालच्या थराखाली एक उताणा, म्हणजे दोन्ही रेघा उलट बाजूवर येतात. टक्सच्या टोकाशी छोटी आडवी रेघ काढा, नाहीतर कुठे थांबायचं ते शिवताना कळत नाही. आणि कापडाच्या तुकड्यावर आधी रेघ ओढून त्यावर इस्त्री करून बघा, काही कार्बनचा रंग उष्णतेने पक्का होतो. पांढऱ्या किंवा पातळ कॉटनवर तर रेघ सुलट बाजूने दिसतेच, तिथे कार्बन न घेता बिनदाती व्हील नुसतं दाबून फिरवलं तरी वळ उठतो, तो शिवण्यापुरता पुरतो.

हेच व्हील क्रेपवर फिरवून बघा, पुढे कापडाची छोटी लाट येते आणि ती लाट ढकलत ढकलत व्हील जातं, म्हणजे रेघ भलत्याच जागी. साटीनवर दातेरी व्हीलचे दात धाग्यात अडकतात, कधी भोकंही राहतात. मखमलीवर लव दबते. जाड लोकरीत रंग पोचतच नाही. ऑर्गंझासारख्या पारदर्शक कापडावर रंगाची रेघ म्हणजे कायमची दिसणारी रेघ.

साटीनबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तिथे दोऱ्याच्या खुणाही जपूनच घालाव्या लागतात, सुईची भोकं उरू शकतात. तिथे खूण रेघेवर घालायचीच नाही. टोकाच्या एक सेंटिमीटर अलीकडे आणि दोन्ही बाजूंच्या तीन मिलिमीटर आत, म्हणजे टक्समधे दुमडून जाणाऱ्या भागात घालायची, आणि शिवताना तेवढं अंतर धरून बाहेरून शिवायचं. भोकं राहिली तरी ती आत लपतात. कारखान्यात ड्रिलने टक्सची खूण करतात तीही याच कारणाने आतच करतात.

राहिले कट, म्हणजे खुणेसाठी कापडाच्या कडेला मारायच्या छोट्या चिरा. घट्ट कॉटनवर, डेनिमवर बिनधास्त मारा, दीड सेंटिमीटर माया असेल तर कट तीन मिलिमीटरच्या वर नको. पण तुमच्या क्रेपची कापलेली कड नखाने घासून बघा. धागे सुटत असतील तर तो कट शिवेपर्यंत वाढत जातो, आणि पुढे कधी टॉप सैल करायला माया उघडावी लागली तर तो कट नेमका आड येतो. अशा कापडाला पॅटर्न कापतानाच कटाच्या जागी बाहेरच्या बाजूला छोटा त्रिकोण ठेवून कापायचं. ते राहून गेलं असेल तर कडेलाही दोऱ्याचीच खूण. होजिअरीला कट मारला तर विणीचे टाके सुटून खाली धावतात, तिथे तर अजिबात नाही. तुम्ही म्हणता ते टेलर कट मारतात हे खरं आहे, पण ते कापून लगेच शिवायला घेतात आणि बहुतेक वेळा कापडही घट्ट असतं.

तुमचे तुकडे कापलेले आहेतच तर आता असं करा. उरलेले झुपके सगळे काढून टाका, काही निघाले आणि काही राहिले अशा खुणांवर भरवसा ठेवू नका, राहिलेलेही सरकलेले असू शकतात. दोन्ही तुकडे सुलट बाजू आत करून कडा जुळवा, पिना फक्त मायेत टोचा, पॅटर्न कडेला कड लावून वर ठेवा आणि पाच टाके परत घाला. शिवायच्या आधी त्यांच्यावर इस्त्री करू नका, दोऱ्याचा वळ क्रेपवर उठतो. टक्स दुमडला की एका झुपक्यात पिन टोचून ती समोरच्या झुपक्याच्या मधोमध बाहेर येते का बघा, मग कच्ची शिलाई घाला आणि झुपके काढून टाका, नाहीतर मशीनच्या टाक्यात ते अडकतात आणि ओढून काढताना टाका सैल होतो. रुंद बाजूकडून टोकाकडे शिवा. शिवून झालं की इस्त्रीच्या आधी पुढचे दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून दोन्ही टोकं एकमेकांवर येतात का ते बघा. फरक असेल तर तो इथेच उसवा, एकदा इस्त्री झाली की क्रेपवर टाक्यांच्या खुणा राहतात.