प्रतिक्रियेला उत्तर: ओरखडे पडलेली डीव्हीडी पुन्हा पुन्हा का वाचायची

ओरखडे पडलेल्या डिस्क लिनक्सवरच्या `ddrescue` या प्रोग्रॅमने पुन्हा पुन्हा वाचून त्यातला डेटा परत मिळवावा, असा सल्ला मी एका लेखात दिला होता. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया:

"रात्रभर ड्राइव्ह घरघरत ठेवायचा हा सल्ला म्हणजे शुद्ध अडाणीपणा आहे. डिजिटल म्हणजे शून्य नाहीतर एक. जे एकदा वाचलं गेलं नाही ते दहाव्यांदा कसं वाचलं जाणार? त्यापेक्षा टूथपेस्टने डिस्क घासा, दोन मिनिटांत काम होतं. विंडोजवाल्यांसाठी लेखात काहीच नाही. आणि तुमच्या दुसऱ्या कमांडमध्ये -b2048 सुद्धा राहिलंय. आधी नीट शिका, मग शिकवा."

शेवटापासून सुरुवात करतो. `-b2048` राहिलं होतं, ही माझी चूक. सीडी-डीव्हीडीचा सेक्टर 2048 बाइटचा असतो आणि ते सांगितलं नाही तर `ddrescue` 512 धरून चालतो. लेखात दुरुस्ती केली आहे. दाखवून दिल्याबद्दल आभार.

पण "अडाणीपणा" हा शब्द मला लागला, आणि लागला हे लपवत नाही. 2004 ते 2012 मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं. लग्नाच्या, मुंजीच्या, प्रोजेक्टच्या किती डिस्क हातून गेल्या याची मोजदाद नाही. लोक डोळ्यांत पाणी आणून काउंटरवर डिस्क ठेवायचे. त्यांच्याशी मी कधी या भाषेत बोललो नाही. चूक दाखवायला माणसाला अडाणी म्हणावं लागत नाही.

आता "शून्य नाहीतर एक" याबद्दल. तुमचा सगळा आक्षेप या एका समजुतीवर उभा आहे आणि ती चुकीची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ड्राइव्हला शून्य आणि एक दिसतच नाहीत. त्याला दिसतो परत येणारा प्रकाश, कमी-जास्त होणारा. डीव्हीडीवर डेटाची जी रेघ गोल गोल फिरत जाते, तिच्या दोन शेजारच्या वळशांमधलं अंतर 0.74 मायक्रॉन असतं, आणि फिरत्या डिस्कवर लेझरला त्या रेघेवर टिकून राहायचं असतं. ओरखडा आला की किरण भरकटतो, लय चुकते, आणि ओरखडा संपल्यावर पुन्हा पकड यायला थोडा वेळ जातो. तेवढ्यात काही बाइट चुकतात. किती चुकतील हे दर खेपेला सारखं नसतं. डिस्क किती वेगाने फिरतेय, बसवताना केसभर तिरकी बसली का, भिंग किती स्वच्छ आहे, या सगळ्यावर ते ठरतं.

पुढचा भाग तुम्ही विचारातच घेतलेला नाही. डीव्हीडीवरचा डेटा सुटा लिहिलेला नसतो. 16 सेक्टर, म्हणजे 32 केबी, एकत्र करून त्यांचा चौकोनी तक्ता मांडतात: 192 ओळी डेटाच्या आणि खाली 16 ओळी दुरुस्तीसाठीच्या जादा. प्रत्येक ओळीलाही स्वतःचे 10 जादा बाइट असतात, त्यांच्या जोरावर ओळीतले पाच चुकलेले बाइट तिथल्या तिथे दुरुस्त होतात. त्याहून जास्त चुकले तर ती ओळ वाया गेली असं धरतात. अशा 16 ओळी वाया गेल्या तरी उरलेल्यांवरून त्या पूर्ण भरून काढता येतात. सतरावी गेली की अख्खा 32 केबीचा तुकडा ड्राइव्ह नाकारतो.

म्हणजे पहिल्या खेपेला 19 ओळी गेल्या तर तुम्हाला "रीड एरर" दिसतो. चौथ्या खेपेला 15 गेल्या तर तोच तुकडा शंभर टक्के बरोबर हाती येतो. प्रत्येक सेक्टरमध्ये पडताळणीचे चार बाइटही असतात, त्यामुळे हा अंदाजपंचे प्रकार नाही. दहाव्यांदा वाचलं जातं ते यामुळे.

आता ज्या डिस्कवरून तो लेख सुचला तिची हकीकत. माझ्या मावसबहिणीच्या 2009 सालच्या लग्नाची डीव्हीडी, 4.3 जीबी. विंडोजमध्ये कॉपी करताना पहिल्याच मोठ्या व्हीओबी फाइलवर "सायक्लिक रिडन्डन्सी चेक" असा संदेश देऊन थांबायची. मी हे चालवलं:

```
ddrescue -n -b2048 /dev/sr0 lagna.iso lagna.map
ddrescue -d -r3 -b2048 /dev/sr0 lagna.iso lagna.map
```

पहिल्या कमांडमध्ये `ddrescue` सोपं सोपं उचलतो. अडलं की तिथे झटत न बसता पुढे उडी मारतो आणि काय राहिलं ते मॅपफाइलमध्ये टिपून ठेवतो. साधी कॉपी इथेच मार खाते, पहिल्या खड्ड्यात अडकून बसते. या फेरीत 38 एमबी सोडून बाकी सगळं आलं. मग `eject -x 4 /dev/sr0` देऊन वेग कमी केला आणि दुसरी कमांड रात्रभर चालू ठेवली. सकाळी 6 एमबी उरले होते. तीच डिस्क मग जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये घातली, आयएसओ आणि मॅपफाइल त्याच ठेवल्या. भिंग वेगळं, पकड वेगळी. उरले 448 केबी. म्हणजे 32 केबीचे बरोबर 14 तुकडे. मॅपफाइलमध्ये ते असे दिसतात:

```
0x3A5F8000  0x00008000  -
```

दुसरा आकडा म्हणजे लांबी, 32768 बाइट. `-` म्हणजे वाचता आलं नाही. ही जागा सुमारे 979 एमबीवर आहे, फिल्ममध्ये सव्विसाव्या मिनिटाच्या आसपास. 32 केबी म्हणजे त्या फिल्ममध्ये सेकंदाचा विसावा भाग, पण पुढच्या फ्रेम आधीच्यांवर अवलंबून असल्यामुळे चौकटी दिसतात त्या अर्धा सेकंद. अंतरपाट दूर होण्याच्या जरा आधी. बाकीचा सोहळा बहिणीने मुलीला मांडीवर घेऊन पूर्ण पाहिला. याला तुम्ही अडाणीपणा म्हणता.

प्रत्येक डिस्क अशी वाचते असं मी लेखातही म्हटलेलं नाही. तीन फेऱ्यांत उरलेला आकडा हललाच नाही तर थांबायचं. सीडी दिव्यासमोर धरल्यावर टाचणीएवढा उजेड आरपार आला तर तिथला चकाकीचा थरच गेलेला असतो. सीडीत तो थर लेबलच्या लगेच खाली असतो, म्हणून वरच्या बाजूचा ओरखडा खालच्यापेक्षा घातक. तिथे किती फेऱ्या मारल्या तरी काही मिळत नाही. आणि मधल्या भोकापासून तडा गेलेली डिस्क ड्राइव्हमध्ये घालूच नका, वेगात फुटते.

टूथपेस्टबद्दल एवढंच: तिने प्लास्टिक घासलं जातं. खालच्या बाजूला एखादा उथळ ओरखडा असेल तर कधी उपयोग होतो, पण गोल गोल घासलंत तर नवे ओरखडे रेघेच्या दिशेने पडतात, आणि तेच सर्वांत वाईट, कारण एकाच तुकड्याच्या ओळीमागून ओळी जातात. पुसायचं ते मधून कडेकडे. आणि घासायचं असेलच तर आधी मिळेल तेवढं वाचून घ्या, घासणं मागे घेता येत नाही.

विंडोजवाल्यांनी लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह करून घ्यावा. त्यावर वेगळं लिहीन, इथे नाही.

उरलेल्या 14 तुकड्यांसाठी एक वाट अजून आहे. स्टुडिओने त्या वेळी एकाच आयएसओवरून दोन प्रती जाळल्या होत्या, दुसरी बहिणीच्या सासरी आहे. तिच्यावरही ओरखडे असतील, पण नेमके याच जागी असण्याची शक्यता फार थोडी. ती घालून याच मॅपफाइलवर दुसरी कमांड दिली की तो फक्त हे 14 तुकडे मागेल. दिवाळीत डिस्क येणार आहे.