गोवंश मांसबंदीचा प्रश्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "नमुना उत्तराचा अर्धा भाग सातव्या अनुसूचीतच खर्ची पडला आहे. पुट्टस्वामी निकालानंतर काय खावे हा खासगीपणाचा विषय झाला. तेवढे लिहून सगळा कायदाच घटनाबाह्य ठरवायला हवा होता."

सप्रेम नमस्कार. आपण ज्या नमुना उत्तराबद्दल लिहिले आहे, त्याचा प्रश्न असा : गोवंशाच्या मांसावर बंदी घालणारा राज्याचा कायदा घटनेत बसतो का, आणि परराज्यातून असे मांस आणणाऱ्या प्रवाशाला त्याखाली शिक्षा करता येईल का?

प्रश्नातील कायदा महाराष्ट्राच्या पशुसंरक्षण कायद्यावर बेतलेला असून त्यात दोन स्वतंत्र मनाया आहेत : राज्यात गाय, वळू आणि बैल यांची कत्तल करायची नाही, आणि परराज्यात कत्तल झालेल्या अशा जनावराचे मांसही जवळ बाळगायचे नाही. या दोहोंना एकच निकष लावला की उत्तर फसते.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्ये यांच्यात कायदे करण्याचे विषय वाटून दिले आहेत; तिच्यातील राज्यसूचीची नोंद १५ राज्याला पशुधनाचे जतन आणि संवर्धन यांसाठी कायदा करू देते, आणि कत्तलबंदी तिच्यात सरळ बसते. मांस बाळगण्यावरील बंदी 'पळवाट बुजवण्यासाठी आनुषंगिक तरतूद' म्हणून त्याच नोंदीखाली वाचवता येईल. पण तसे म्हटले की कायद्याचा हेतू पशुधनरक्षण एवढाच ठरतो, आणि पुढे हक्कांच्या कसोटीवर राज्याला दुसरा हेतू पुढे करणे अवघड जाते. अनुसूचीला मी जागा दिली ती यासाठी.

कत्तलबंदीच्या बाबतीत २००५ चा मिर्झापूर मोती कुरेशी निकाल ओलांडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, गाई-वासरांच्या कत्तलीला प्रतिबंध करण्यास राज्याला सांगणाऱ्या अनुच्छेद ४८ चा आधार घेऊन, खाटकांच्या व्यवसायस्वातंत्र्यावरील हे निर्बंध वाजवी ठरवले. तेथे वाद खाणाऱ्याच्या हक्काचा नव्हता, हे खरे, आणि तेवढी फट विद्यार्थ्याने दाखवावी. परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने मिर्झापूर रद्द केलेला नाही. काय खावे हे शासनाने सांगू नये, हा विचार त्यात न्या. चेलमेश्वर यांच्या स्वतंत्र मतात येतो. त्यावरून संपूर्ण कायदा कोसळतो असे लिहिणाऱ्याचे गुण मी तरी कापीन.

आता प्रश्नातील प्रवासी घ्या. त्याच्या डब्यात पाव किलो मांस आहे, आणि जेथे अशी कत्तल कायदेशीर आहे त्या राज्यातील परवानाधारक दुकानाची पावती खिशात आहे. त्याला शिक्षा केल्याने महाराष्ट्रातील एकही बैल वाचत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये, म्हणजे पुट्टस्वामीच्या आधीच, परराज्यातील कत्तलीचे मांस बाळगण्यावर बंदी घालणारे कलम ५ड अनुच्छेद २१ मधील खासगीपणाच्या आधारे रद्द केले, आणि कत्तलबंदी मात्र कायम ठेवली.

मांस राज्यातल्याच कत्तलीचे निघाले, तर राज्यात बेकायदा कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगण्यावर बंदी घालणारे कलम ५क लागू होते. न्यायालयाने ते टिकवले, पण मांस कशाचे आहे याची जाणीव असून ते बाळगले असले पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला. आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम ९ब रद्द केले. त्यामुळे पावती हरवलेल्या प्रवाशाविरुद्धही मांस कोठले आणि त्याला काय ठाऊक होते, हे सरकार पक्षानेच सिद्ध करायचे आहे.