छेदबिंदू पाहून इन्हिबिटरची जागा कळत नाही

«लाइनविव्हर-बर्क आलेखात रेषा y-अक्षावर भेटल्या की कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे इन्हिबिटर ॲक्टिव्ह साइटवर बसतो. x-अक्षावर भेटल्या की नॉनकॉम्पिटिटिव्ह, म्हणजे तो दुसरीकडे बसतो. एवढं पाठ करा, झालं.»

रेषांबद्दल वाद नाही, हरकत आहे ती त्या दोन ‘म्हणजे’ना.

आधी दुसरा घेऊ. समजा एका एन्झाइमचा Km 2 मिलिमोलर आणि Vmax 10 आहे. सबस्ट्रेट 1, 2 आणि 4 मिलिमोलर घेतला तर 1/v अनुक्रमे 0.30, 0.20 आणि 0.15 येतं. Ki इतकाच कॉम्पिटिटिव्ह इन्हिबिटर घातला की तेच आकडे 0.50, 0.30, 0.20 होतात. चढ दुप्पट, पण y-अक्षावरचा छेद 0.10 तसाच राहतो. शुद्ध नॉनकॉम्पिटिटिव्ह इन्हिबिटर तेवढाच घातला तर सगळंच दुप्पट होतं: 0.60, 0.40, 0.30.

आता तिसरी नळी. हिच्यातल्या इन्हिबिटरने थेट ॲक्टिव्ह साइटलाच सहसंयुज बंधाने जखडून निम्मे रेणू कायमचे निकामी केले आणि मग जादा इन्हिबिटर काढून टाकला. उरलेले निम्मे रेणू धडधाकट, त्यामुळे Km तोच आणि Vmax 5. आकडे? 0.60, 0.40, 0.30. रेषा हुबेहूब नॉनकॉम्पिटिटिव्हची, आणि इन्हिबिटर बसलाय ॲक्टिव्ह साइटवर! ॲसिटिलकोलिनएस्टरेजच्या ॲक्टिव्ह साइटमधल्या सेरीनला धरणारं डीएफपी याच जातीचं.

हा घोळ आलेखातून सुटत नाही, पातळ करून सुटतो. एन्झाइम आणि इन्हिबिटर एकत्र ठेवा, मग मिश्रण 100 पट पातळ करून वेग मोजा. पकड सुटणारी आणि लवकर सुटणारी असेल, तर तेवढ्याच पातळ केलेल्या, इन्हिबिटर नसलेल्या एन्झाइमइतका वेग जवळपास परत येतो. कायमची असेल तर तो निम्म्यावरच अडकतो. (पकड सुटणारी पण फार सावकाश सुटणारी असेल तर इथेही फसायला होतं, म्हणून थोडा वेळ थांबून पुन्हा मोजावं.)

पहिला ‘म्हणजे’ही डळमळीतच आहे. रेषा y-अक्षावर भेटतात त्या इतकंच सांगतात की इन्हिबिटर मोकळ्या एन्झाइमला धरतो, सबस्ट्रेट बसलेल्याला नाही. दूरच्या खाचेत बसून त्याने ॲक्टिव्ह साइटचा आकारच बदलला आणि सबस्ट्रेटला शिरू दिलं नाही, तरी चित्र तेच दिसेल.

शिवाय ‘x-अक्षावर भेटल्या’ हे ठरवायचं कसं? तो बिंदू मोजलेला नसतो, रेषा डावीकडे लांबवून काढलेला असतो. वेगातली चूक ±0.01 धरा: 0.80 चा व्यस्त 1.23 ते 1.27 मध्ये राहतो, 0.10 चा मात्र 9.1 ते 11.1 असा भरकटतो. म्हणजे सर्वांत कमी सबस्ट्रेटचा, सर्वांत बेभरवशाचा बिंदूच रेषेला आपल्याकडे ओढतो. छेद अक्षाच्या जरा वर आला तर तो मिश्र प्रकारही असू शकतो. Km आणि Vmax मूळ वक्रावरूनच, नॉनलिनिअर फिटने काढावेत, आणि ही रेषा फक्त चित्र दाखवायला ठेवावी.