आकडा दिसला म्हणून सरासरी काढायची नसते

"रकान्यात आकडे असतील तर सरासरी आणि आयतालेख, शब्द असतील तर वृत्तालेख. मापनश्रेण्या फक्त परीक्षेपुरत्या पाठ करा."

हा मेसेज भाचीच्या पहिल्या वर्षाच्या प्रकल्पापर्यंत पोचला आणि तिथे "समाधानाची सरासरी 2.8" असं वाक्य उमटलं. म्हणून उत्तर देणं भाग आहे. मापनश्रेणी म्हणजे नोंदवलेल्या आकड्याला कितपत अर्थ आहे ते सांगणारा प्रकार.

पिनकोड हा आकडाच आहे ना? पुण्याचा 411001 आणि नागपूरचा 440001 यांची सरासरी येते 425501, म्हणजे खानदेशात मोडणारा आकडा. त्याला काहीही अर्थ नाही. पिनकोड नामश्रेणीतला आहे, म्हणजे तो आकडा नुसतं नाव म्हणून वापरलेला आहे. कोणत्या पिनचे किती जण ते मोजा, सर्वांत जास्त वेळा आलेला पिन म्हणजे बहुलक सांगा, स्तंभालेख काढा.

खरं नुकसान समाधानाच्या प्रश्नात होतं, कारण तिथली चूक डोळ्यांना दिसत नाही. 1 म्हणजे अतिशय असमाधानी, 2 असमाधानी, 3 मध्यम, 4 समाधानी, 5 अतिशय समाधानी. 'अ' गटातल्या पाचही जणांनी 3 दिले: सरासरी 3. 'ब' गटाची उत्तरं 2, 2, 2, 4, 4: सरासरी 2.8. म्हणजे 'अ' पुढे.

पण हे आकडे आपणच चिकटवलेत. 'समाधानी'ला 6 आणि 'अतिशय समाधानी'ला 7 दिले तरी क्रम तोच राहतो. आता 'ब'ची उत्तरं 2, 2, 2, 6, 6 होतात, सरासरी 3.6 येते आणि 'ब' पुढे जातो. कोणाचंही मत बदललेलं नाही, तरी निष्कर्ष उलटला! उत्तरं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा मध्यक मात्र दोन्ही वेळा 'अ'चा 3 आणि 'ब'चा 2 राहतो. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी 1946 साली 'सायन्स'मधल्या लेखात हाच निकष मांडला: श्रेणीला चालणारा बदल केल्यावर जे टिकतं, तेच त्या श्रेणीत वापरावं. समाधानाच्या उत्तरांसारख्या, फक्त क्रमाला अर्थ असलेल्या क्रमश्रेणीत मध्यक टिकतो, सरासरी टिकत नाही.

आलेखही इथे आयतालेख नको. त्यातले चिकटलेले स्तंभ सलग मोजमाप सुचवतात, आणि 2 व 3 यांच्या मध्ये इथे काहीच नाही. स्तंभालेख घ्या, स्तंभांत फट ठेवा आणि क्रम 1 ते 5 असाच ठेवा. R या संगणकभाषेत `x` मध्ये उत्तरं असतील तर:

```
barplot(table(factor(x, levels = 1:5)))
```

`levels` दिलं नाही तर कोणीच न निवडलेला पर्याय आलेखातून गायब होतो. 'ब' गटात 1, 3 आणि 5 असेच गळतील आणि 2 व 4 शेजारी-शेजारी दिसतील.

शब्द म्हणजे वृत्तालेख, हेही अर्धवटच. 'समाधानी, असमाधानी' हे शब्द असले तरी त्यांना क्रम आहे, आणि वर्तुळात तो हरवतो. एकाहून जास्त पर्याय निवडायची मुभा असेल तर टक्केवारींची बेरीज 100 च्या वर जाऊ शकते, तेव्हा वृत्तालेख काढताच येत नाही.

एवढं मान्य करतो: उंची, वजन, सेल्सिअसमधलं तापमान यांना सरासरी आणि आयतालेख चालतात. सेल्सिअससारख्या अंतराल श्रेणीत शून्य सोयीने ठरवलेलं असतं, उंची-वजनाच्या गुणोत्तर श्रेणीत ते खरं शून्य असतं; या फरकाने आलेख बदलत नाही. फक्त 20 अंश सेल्सिअस म्हणजे 10 अंशांच्या दुप्पट गरम, असं लिहू नका.