घरमालकाला पाठवायचा मेसेज तिसऱ्या माणसासाठी लिहा

माझ्या मैत्रिणीच्या बेडरूमचं छत गळतंय. तिने घरमालकांना पाठवायला टाइप केलेला मेसेज मला दाखवला:

"काका, किती वेळा सांगायचं? अख्खं छत गळतंय, घराची वाट लागलीय. तुम्हाला फक्त भाडं घेता येतं. उद्यापर्यंत नीट केलं नाहीत तर या महिन्याचं भाडं विसरा."

तिचा राग शंभर टक्के खरा आहे. छताखाली बादली ठेवून झोपणाऱ्या माणसाने गोड बोलावं, अशी अपेक्षा मी करणार नाही. पण हा मेसेज पाठवू नकोस, असं मी तिला ठामपणे सांगितलं. तो उद्धट आहे म्हणून नव्हे, तर तो वाचून नेमकं काय बिघडलंय हे कळतच नाही म्हणून. "अख्खं छत" म्हटलं आणि फोटोत एकच कोपरा ओला दिसला की पुढचं सगळंच अतिशयोक्ती वाटायला लागतं. "किती वेळा" याला तारीख नाही. आणि शेवटचं वाक्य तर मालकांच्या हातात आयतं कोलीत आहे. ते उत्तर देणार ते भाड्याबद्दल, गळती राहील बाजूला. शिवाय भाडं अडवायचा हक्क करारात किंवा कायद्यात आहे की नाही हे न पाहता तशी धमकी दिली, तर उद्या थकबाकीदार आपणच ठरू शकतो.

असा मेसेज मालकांसाठी लिहायचाच नाही, असं माझं मत आहे. तो लिहायचा पुढे कधीतरी वाचणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी. त्याला ना आपण माहीत, ना मालक, ना घर. तक्रार पुढे गेली, किंवा घर सोडताना डिपॉझिटवरून वाद झाला, तर तोच वाचणार आहे.

मग आम्ही बसून हे लिहिलं:

"नमस्कार काका. बेडरूमच्या छतातून, खिडकीकडच्या कोपऱ्यात, ३ मार्चपासून पाणी ठिबकतंय. ४ मार्चला सकाळी फोनवर मी तुम्हाला कळवलं होतं. दोन दिवसांत माणूस पाठवतो, असं तुम्ही म्हणाला होतात. आज ९ मार्च, अजून कोणी आलेलं नाही. ओलीचा डाग ४ तारखेला ३० सेंमी रुंद होता, आज ५५ सेंमी आहे आणि रंगाचे पोपडे पडतायत. वरच्या बाथरूममध्ये पाणी वापरल्याचा आवाज आला की थोड्या वेळाने ठिबकणं वाढतं, रात्री जवळपास थांबतं. दिवा डागाच्या जवळ आहे, म्हणून त्याचा एमसीबी बंद ठेवलाय. फोटो आणि व्हिडिओ सोबत आहेत. कृपया १२ मार्चपर्यंत प्लंबर पाठवून गळतीचं कारण शोधून दुरुस्ती सुरू करावी. मी रोज संध्याकाळी ६ नंतर घरी असते. कोण, कधी येणार ते उद्यापर्यंत इथेच लिहून कळवा."

यात रागाचा एकही शब्द नाही, तरी पहिल्यापेक्षा हा मेसेज टाळणं कितीतरी अवघड आहे.

वरच्या बाथरूमचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाणी दिवसरात्र एकसारखं ठिबकत असेल तर संशय दाबाखालच्या पाइपावर जातो. वापरानंतरच वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा बाथरूमची फरशी आणि तिचे सांधे. पावसानंतरच येत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. पण "वरच्यांचा पाइप फुटलाय" असं आपण लिहायचं नाही. निदान चुकलं तर त्यावरच वाद रंगतो. आपण पाहिलं तेवढंच लिहायचं, गळतीचं कारण प्लंबर शोधेल.

डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून शेजारी तारीख लिहा आणि टेप धरून फोटो काढा. डाग पसरला की जुनी रेघ आत राहते, आणि वाढ झाली की नाही यावर कुणाला वाद घालता येत नाही. एक फोटो लांबून हवा, खोली ओळखू येईल असा. ठिबकणं फोटोत दिसत नाही, त्याचा छोटा व्हिडिओ घ्या. मूळ फाइल फोनमध्ये जपून ठेवा, कारण मेसेजमधून जाताना फोटोचा दर्जा उतरतो आणि काढल्याची वेळही बऱ्याचदा निघून जाते. चॅटमध्ये मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग चालू नाही ना, तेही बघा.

पाणी थेट दिव्यातून किंवा पंख्याच्या जोडणीतून येत असेल, किंवा छत फुगून खाली आलं असेल, तर आधी मेसेज लिहीत बसू नका. त्या खोलीची वीज बंद करा, खोलीतून बाहेर पडा, फोन करा. मेसेज नंतर.

मालकांनी उत्तरादाखल फोन केला तर बोला, जरूर बोला. फोन ठेवल्यावर लगेच लिहा: "आत्ता बोलल्याप्रमाणे प्लंबर बुधवारी ७ वाजता येणार आहे. काही बदल असेल तर कळवा." आणि मुदत उलटूनही कोणी आलं नाही, तर दुसरा मेसेज पहिल्यापेक्षा लहान असावा: पहिल्या मेसेजची तारीख, डागाचं आजचं माप, नवा फोटो, आणि करारातलं दुरुस्तीचं कलम जसंच्या तसं.