तिघांतलं कुणीच चुकलं नाही

माझ्या मैत्रिणीच्या लग्नाला आता वर्षं झाली, तरी आमच्या सांगलीत बोलणारे बोलतातच. 'पोराला नोकरी लागेना, म्हणून सोडलं त्याला.' नाहीतर, 'त्या बँकवाल्यानं अडचणीचा फायदा घेतला.' दोन्ही खोटं आहे. तिला विचारूनच लिहितेय.

तिचा तो तासगावकडचा, द्राक्षबागायतदाराचा मुलगा. पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. गावभागातलं तिचं घर पाण्यात, वडील डायलिसिसवर. तो पुण्याहून निघाला होता, पण रस्तेच बंद झाले होते. तिच्या बँकेतला सहकारी विश्रामबागला राहायचा. बोटीतून उतरल्यावर तो या सगळ्यांना आपल्या घरी घेऊन गेला. वडिलांना मिरजेला डायलिसिसला नेणं-आणणं तेव्हापासून त्यानंच धरलं.

घरी लग्नाचा विषय काढायचा तो पूर्वपरीक्षा झाली की, असं तिचं आणि पुण्यातल्याचं ठरलेलं. परीक्षा होती ५ एप्रिल २०२० ला. कोरोनात ती पुढे गेली, मग सप्टेंबर, मग ऑक्टोबर, आणि झाली शेवटी २१ मार्च २०२१ ला. परीक्षा पुढे ढकलता येते, डायलिसिस नाही. लॉकडाऊनमध्येही आठवड्यातून दोनदा मिरज गाठावीच लागायची आणि गाडी बँकवाल्याचीच असायची. तो तिच्या प्रेमात पडला, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. तिलाच आधी कळलं, आणि आपणही तिकडे ओढले जातोय हेही.

मग तिनं जे केलं, ते मला फार मोठं वाटतं. साखरपुड्याची भाषा निघण्याआधी तिनं दोघांनाही सगळं सांगितलं. पुण्यातल्याला म्हणाली, "तू थांब म्हणालास तर थांबते." तो थांब म्हणाला नाही. कारण थांब म्हणायचं, तर कुठवर, ते सांगावं लागतं, आणि तशी तारीख त्याच्याकडे नव्हतीच. ज्याला लोक बिचारा म्हणतात, त्यानं हा निर्णय स्वतः घेतलाय, हे कुणी लक्षातच घेत नाही. तिच्यासोबतचं आयुष्य त्यानं डोळे उघडे ठेवून सोडलं. नंतर पुणंही सोडलं. आता बाग बघतो.

बँकवाल्यालाही हे फुकट मिळालेलं नाही. ती आपल्यावर प्रेम करते की आपले उपकार फेडते, ही शंका त्यानं सगळं ठाऊक असताना घरात घेतली. एकदा त्यानं विचारलंच, "पूर आला नसता तर?"

ती म्हणाली, "माहीत नाही."

तिच्या आईला वाटतं, 'तरीही तुझ्याशीच केलं असतं' एवढं म्हणायला काय जात होतं? मला नाही तसं वाटत. एकदा का ती त्याला बरं वाटावं म्हणून बोलली असती, की पुढचं तिचं प्रत्येक प्रेमाचं वाक्य त्यानं तपासून घेतलं असतं.