पासवर्ड पुन्हा बदलण्याआधी दोन मिनिटं थांबा

सिंक क्लायंट, म्हणजे फायली सगळ्या मशीनवर सारख्या ठेवणारा प्रोग्रॅम, सारखा 'पुन्हा साइन इन करा' म्हणू लागला की लोक लगेच पासवर्ड रीसेट करतात. माझ्या मते दुखणं वाढतं ते तिथेच.

इथे इंदूरला रामबागेतल्या आमच्या मंडळाचे हिशेब एकाच खात्यावर सिंक होतात. ते खातं खजिनदार काकांच्या कॉम्प्युटरवर आहे आणि चिटणीस काकूंच्या लॅपटॉपवरही. काकांना पासवर्ड आठवेना, म्हणून त्यांनी नवा केला. त्याबरोबर काकूंचा लॅपटॉप बाहेर पडला. जुना पासवर्ड चालेना, म्हणून त्यांनीही रीसेट केला आणि आता काकांकडे साइन इनची खिडकी उघडली. दोघंही बरोबरच वागत होते. गणेशोत्सवाची बिलं मात्र ज्याच्या त्याच्या मशीनवरच राहिली.

होतं असं की क्लायंट दर वेळी पासवर्ड पाठवत नसतो. एकदा साइन इन केलं की त्याला दोन टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी दाखवायचे डिजिटल पास, मिळतात. ॲक्सेस टोकन थोडाच वेळ चालतं, बऱ्याच सेवांत तासभर. ते संपलं की रिफ्रेश टोकन दाखवून क्लायंट गुपचूप नवं घेतो. पासवर्ड बदलला की बऱ्याच सेवा जुनी रिफ्रेश टोकन रद्द करतात, आणि ते योग्यच आहे. नाहीतर चोरीला गेलेला लॅपटॉप सिंक होतच राहिला असता. अशा वेळी लॉगमध्ये बहुधा `invalid_grant` दिसतं.

म्हणून खिडकी कधी उघडते ते बघा. टाकल्याटाकल्या नकार आला, तर पासवर्डच चुकतोय. तासाभराने पुन्हा विचारणा झाली, तर रिफ्रेशचा संशय घ्या. साइन इन नीट होऊन कॉम्प्युटर रीस्टार्ट केल्यावर पुन्हा विचारलं, तर नवं टोकन साठवलंच जात नाहीये किंवा जुनी नोंद आडवी येतेय. काकूंकडे हेच होतं. पासवर्ड अगदी बरोबर होता, तो आणखी दहादा बदलला असता तरी फरक पडला नसता.

अशा वेळी सिंक न झालेल्या फायलींची आधी वेगळी प्रत काढा. ही पायरी कृपा करून गाळू नका. मग क्लायंटमधून साइन आउट करून तो पूर्ण बंद करा. विंडोजमध्ये Credential Manager उघडून Windows Credentials खाली त्या क्लायंटच्या नावाची जुनी नोंद तेवढीच काढा, बाकीच्यांना हात लावू नका. काही क्लायंट टोकन स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतात, त्यांची नोंद इथे सापडणार नाही. घड्याळ आणि तारीख बरोबर आहे ना, तेही पाहून घ्या. मग क्लायंट स्वतः उघडून त्याच्याच खिडकीतून एकदा साइन इन करा. मेलमध्ये आलेल्या लिंकवरून नको, कारण सारखी विचारणा होत असली की माणूस न बघता पासवर्ड टाकत जातो.

एवढ्याने काकूंचा लॅपटॉप शांत झाला. पण दोघांत एक खातं असेपर्यंत हे पुन्हा होणारच. म्हणून आता दोघांची खाती वेगळी केली आहेत आणि हिशेबाचा फोल्डर तेवढा शेअर केला आहे. काकांनी पासवर्ड बदलला तरी काकूंचं टोकन जागेवर राहतं.